अंगणाची कमान आणि एक राजीनामा

एकाहत्तरची लढाई थंडीत सुरू झाली असं सगळे सांगतात. आमच्या जबलपुरात ती पावसाळ्यातच लागली होती. आषाढ संपायच्या आत लष्करी कारखान्यात बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या सुरू झाल्या आणि रविवारची सुट्टी बंद झाली. सकाळी आणि संध्याकाळी सातचा भोंगा व्हायच्या आधी अर्धी सोसायटी सायकलींवरून बाहेर पडायची, आणि भोंग्यानंतर उरलेली अर्धी घरी यायची. माझा नवरा स्टोअरमध्ये होता. तो जेवायचा तेव्हा जागा असायचा एवढंच. आणि त्या सगळ्यात गणपती तोंडावर आले.

आमची सोसायटी महाराजपूरच्या अंगाला होती. कारखान्यातल्या नोकरदारांनी मिळून बांधलेली चोवीस घरं, तीन बाजूंना घरं आणि मधे अंगण. चौथ्या बाजूला रस्ता. त्या रस्त्याकडच्या तोंडावर दर वर्षी कमान उभी राहायची आणि आत पारावर गणपती बसायचा. निम्म्याहून जास्त घरं मराठी, बाकीची इथलीच हिंदी. पण गणपती सगळ्यांचा होता, हे मी आल्याच्या पहिल्या वर्षीच पाहिलं.

उत्सव समितीचा चिटणीस दर वर्षी कोणीतरी पुरुष असायचा. त्या वर्षी पुरुष उरलेच नव्हते. अध्यक्ष हिशेब विभागात होते, तेही रात्री आठला घरी येत. ते एके दिवशी आमच्या दाराशी सायकल टेकवून म्हणाले, "सूनबाई, तुम्ही शिकलेल्या आहात. अक्षर चांगलं आहे. हे वर्ष तुम्हीच सांभाळा बरं."

मी तेवीस वर्षांची होते. सांगलीकडून लग्न होऊन मला इथे दोनच वर्षं झाली होती, आणि मी मॅट्रिकला हिंदीत शाळेत पहिली आले होते. हे मी इथे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्या पहिल्या नंबरातूनच झालं. मला हिंदी येते याचा मला माज होता. नव्यानं आलेल्या मराठी बायकांना मी शिकवायची, की इथे 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, कोणी मारत नाही. इथे कोणी 'चेष्टा करूँगा' म्हणाला तर तो थट्टा करणार नाही, प्रयत्न करणार आहे. बायका हसायच्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे माझ्या आईनं मला लहानपणापासून ऐकवलं होतं. मला वाटायचं, ते दुसऱ्या कोणाबद्दल आहे.

काम हाती घेतल्यावर मी आधी कागद आखला. डावीकडे तिथी, वर कामं, आणि चौकटींत घरांचे क्रमांक. नारळी पौर्णिमेपर्यंत वर्गणी आणि बांबू. गोकुळाष्टमीपर्यंत कमानीचा सांगाडा. पोळ्यापर्यंत पताका, तोरणं, पारावरची ताडपत्री. हरतालिकेच्या सकाळी कमान उभी, म्हणजे चतुर्थीला मूर्ती तिच्याखालून आत येणार. स्वयंसेवक मी पाळीप्रमाणे वाटले होते. रात्रपाळीची घरं दुपारी चार ते साडेपाच, दिवसपाळीच्या घरातल्या बायका अकरा ते एक. त्या वर्षी गंमत अशी होती की पैशाला तोटा नव्हता. ओव्हरटाइममुळे लोकांनी वर्गणी न कुरकुरता दिली, आरासीला मागच्या वर्षीच्या दीडपट रक्कम निघाली. पण हात नव्हते. कागदावर ज्याचं नाव चौकटीत बसवावं तो माणूस त्या वेळी एक तर मशीनवर असे किंवा घरी घोरत असे.

आणि कमान कक्कांकडे होती.

कक्का म्हणजे अंगणाच्या मागच्या बाजूला शेवटच्या घरात राहणारे सुतार. कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करायच्या विभागात होते. सगळे त्यांना कक्काच म्हणत, अध्यक्षसुद्धा. मूळचे मझौलीकडचे. ते सोसायटीचे सभासद नव्हते, भाडेकरू होते. पण नऊ वर्षं कमान त्यांनीच केली होती आणि त्या नऊ वर्षांत त्यांना कोणी भाडेकरू म्हटलेलं नव्हतं. त्यांची बायको, आमची काकी, हिनं मला इथे माणसात आणलं. मी आले तेव्हा मला इथल्या शेगडीचा कोळसा पेटवता येत नव्हता, आणि सासू गेलेली. ही बाई रोज सकाळी येऊन माझी शेगडी पेटवून द्यायची आणि एका शब्दानंही कोणाला सांगायची नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर कक्का रिटायर होणार होते. गावच्या जमिनीवरून भावाशी त्यांचा सात-आठ वर्षं दावा चालला होता, तो त्याच उन्हाळ्यात मिटला. अर्धी जमीन, अर्धं घर पदरात पडलं. आता खोली सोडून गावी जायचं ठरलं होतं. म्हणून ही त्यांची शेवटची कमान होती, आणि ती त्यांना बांबूची करायची नव्हती.

"बहूजी, इस बार लकड़ी की," ते मला म्हणाले. "पूरी खुलने वाली. हर साल जोड़ो, हर साल खोलो. हम चले जाएँगे, वो यहीं खड़ी होगी."

कारखान्याच्या लिलावात खोक्यांची चिडाची, म्हणजे पाइनची, लाकडं स्वस्तात मिळत, ती त्यांनी आधीच आणून ठेवली होती. दोन खांब, वर महिरप, सगळं खाच आणि खुंटीवर, खिळा एकही नाही. कागदावर काढून दाखवलं तेव्हा मीही हरखले. अंदाजपत्रकात लाकडासाठी वेगळी रक्कम काढली आणि रविवारची सुट्टी श्रावणात परत मिळेल असं धरून माझ्या तक्त्यात कक्कांच्या नावापुढे पाच रविवार लिहिले.

त्यातला एकही रविवार त्यांना मिळाला नाही. रविवार तर सगळ्यांचेच गेले होते. पण मी पाच रविवार लिहिले होते, आणि लिहिलेलं झालं नाही की मला अंगाची आग व्हायची. मी रोज त्यांच्या दाराशी जाऊ लागले. आज काय झालं, उद्या काय होणार. ते ड्यूटीवरून आलेले असत, डोळे लाल, हातात पाण्याचा तांब्या. "हो जाएगा बहूजी," म्हणत. नारळी पौर्णिमा आली तेव्हा दोन खांब रंधून झाले होते आणि महिरपीचा पत्ता नव्हता.

पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी अंगणात सभा बसली. दिवसपाळीची माणसं घरी आल्यावर, रात्री, पारावर. मी तक्ता वाचला आणि सरळ म्हटलं की लाकडी कमान या वर्षी जमणार नाही, बांबू आणि घोटीव कागदाची करू, दहा दिवसांत होते.

कक्का म्हणाले, "बहूजी, ये लकड़ी है. आपका टाइम-टेबल नहीं, कि फाड़ा और दूसरा बना लिया."

लोक हसले. फार वाईट नाही हसले, दमलेली माणसं हसतात तसं. पण माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मी म्हटलं, "कमान कैसी होगी, ये सोसायटी के सभासद तय करेंगे. किराएदार नहीं."

एवढं बोलले. कक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग पारावरून उठून त्यांनी आपल्या चपला शोधल्या. एक चप्पल पाराखाली गेली होती, ती काढायला त्यांना वाकावं लागलं. कोणी मदत केली नाही. मीही नाही.

घरी नवरा म्हणाला, "काहून असं बोलली तू त्यांना? बापाच्या वयाचे आहेत."

मी म्हटलं, "मग त्यांनी नाही का माझा अपमान केला?" तो जेवता जेवता पेंगत होता. त्यानं वाद वाढवला नाही.

दोन दिवसांनी दुपारी काकी आली आणि एक चिठ्ठी देऊन गेली. कक्कांनी स्वतः लिहिलेली, आखीव कागदावर, मोठ्या जपून काढलेल्या अक्षरांत. अजून मला ती शब्दन् शब्द आठवते. 'श्रीमान अध्यक्ष महोदय, उत्सव समिति. निवेदन है कि कमान के काम को लेकर हमारे और समिति के बीच जो बात हुई, उसमें हम अपनी तरफ़ से राजीनामा पेश करते हैं. मंज़ूर किया जाए.' खाली सही.

जे मला नंतर कळलं ते इथेच सांगून टाकते. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवून मला काय मिळणार? त्या मुलखात राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद नव्हे. तो शब्द कोर्टातला आहे. दोन भांडणारे राजी झाले, तडजोड झाली, तिचा जो कागद कोर्टापुढे ठेवतात तो राजीनामा. नोकरी सोडतात त्याला तिथे इस्तीफ़ा म्हणतात. भावाशी सात-आठ वर्षांचा दावा कक्कांनी त्या उन्हाळ्यात राजीनाम्यानंच मिटवला होता. भांडण कसं मिटवायचं हे त्यांना त्याच एका कागदानं शिकवलं होतं. साठीला आलेला माणूस, चारचौघांत किराएदार म्हणवून घेऊन, आपणच दोन पावलं मागे आला होता आणि त्यानं माझ्याशी लेखी समेट केला होता.

आणि शाळेत हिंदीत पहिल्या आलेल्या मी तो मराठीत वाचला. म्हातारा रुसून काम सोडतो आहे.

मला वाईट वाटलं का? नाही. मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर आनंद झाला. माझ्या तक्त्यातली अडलेली चौकट मोकळी झाली होती आणि शिवाय मी जिंकले होते. अध्यक्ष रात्री आले तेव्हा मी त्यांना चिठ्ठी दाखवली नाही, नुसतं मराठीत सांगितलं, "कक्कांनी राजीनामा दिला." ते जन्मभर इथे राहिलेले, कागद पाहिला असता तर एका क्षणात समजले असते. पण मराठी कानाला मराठी शब्द ऐकू आला. ते हळहळले, म्हणाले, "अरेरे. जाऊ द्या, शेवटचं वर्ष आहे, उगाच ताणू नका." नवराही तेच म्हणाला, "देऊ दे ना. रागावले असतील. दोन दिवसांनी शांत होतील." मी बसून उत्तर लिहिलं, माझ्या चांगल्या अक्षरात: 'आपका राजीनामा समिति सहर्ष मंज़ूर करती है.'

सहर्ष हा शब्द लिहायची काही गरज नव्हती. नुसतं मंज़ूर पुरलं असतं. मी तो मुद्दाम लिहिला, त्यांना लागावा म्हणून. लिहिल्यावर वाचून पाहिला, आणि मला तो आवडला.

दुसऱ्या दिवसापासून मी बांबूच्या मागे लागले. पाऊस रोज पडत होता, म्हणून कमानीचे तुकडे अध्यक्षांच्या ओसरीवरच बांधायचे ठरवलं, उभी करायची ती हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी. बायका अकराला यायच्या. मैद्याची खळ शिजवून तिच्यात मोरचूद घातला, नाहीतर झुरळं कागद खातात. पताका कापल्या, काठ्यांना घोटीव कागद गुंडाळला. बाहेरून बघणाऱ्याला ते दर वर्षीचं तोरणांचं काम वाटावं, आणि काकीला मी बोलावलंच नव्हतं. दोघीतिघी कामाच्या होत्या, बाकीच्या नवऱ्याला झोप मिळावी म्हणून पोरं घेऊन बाहेर बसायला आलेल्या असत. माझा तक्ता मात्र पहिल्यांदाच वेळेवर चालला होता.

आणि रोज दुपारी, अंगणाच्या मागच्या बाजूनं, रंध्याचा आवाज यायचा.

कक्कांनी आपली पाळी बदलून रात्रीची घेतली होती, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, तोंड दाखवायला नको म्हणून घेतली. ते मागच्या बोळानं कामाला जात, मागच्या बोळानं येत. दिवसा झोपायचं सोडून ठोकाठोक करत होते, ती गावच्या घरासाठी असेल असं मी धरून चालले. गावाला जाणारा माणूस खाट करील, पेटी करील. एकदाही मागे जाऊन पाहिलं नाही. ज्या दाराशी पंधरा दिवस रोज जात होते तिथे आता मला जायचं नव्हतं.

गोकुळाष्टमीला काकी प्रसादाच्या पंजिरीची वाटी घेऊन आली. तिचा चेहरा उजळलेला होता. म्हणाली, "बहू, राजीनामा हो गया, बड़ा अच्छा हुआ. ये तो इतने खुश हैं, का बताएँ. तुम्हारी चिट्ठी सबको दिखा रहे हैं. दिन में सोते नहीं."

मी थक्क झाले. राजीनामा दिला आणि खूश? वर चिठ्ठी लोकांना दाखवत फिरतात? निर्लज्जपणालाही काही सीमा असते, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "हाँ, अच्छा ही हुआ काकी. सबके लिए." आणि वाटी तिथल्या तिथे धुऊन रिकामीच परत केली. आमच्याकडे काय आणि तिच्याकडे काय, शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. तिनं ती घेतली, जरा बघितली आणि पदराखाली धरली. तिला वाटलं असेल, मी कामाच्या गडबडीत आहे.

हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी पाऊस थांबला होता. रस्त्याकडच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खड्डे होते, नऊ वर्षं त्याच खड्ड्यांत कमान रोवली जायची. आम्ही त्यात बांबू उभे केले, दगडांनी पाचर मारली, वर कागदी महिरप चढवली. एका बाजूला थोडी कलली होती. अंधार पडत होता म्हणून तशीच सोडली.

सकाळी मी उपाशी, अंघोळ करून कमानीखाली रांगोळी काढत होते. साडेसात वाजले असतील. मागच्या बोळातून हातगाडीचा आवाज आला आणि ती वळसा घालून रस्त्यानं आमच्या तोंडाशी येऊन थांबली. कक्का होते. रात्रपाळी करून आलेले, अंगावर कारखान्याचाच खाकी सदरा, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या विभागातले दोघे. गाडीवर पोत्यात गुंडाळलेली लाकडं. एका पोत्याचं टोक सुटलं होतं, त्यातून महिरपीची कड दिसत होती. पाकळ्या पाकळ्या कोरलेल्या, तेल पाजून पिवळ्याधमक केलेल्या. इतकं नीट काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

कक्का कमानीकडे बघत राहिले. मग खड्ड्यांकडे बघितलं. मग मला म्हणाले, "ये का है बहूजी?"

मी हातातली रांगोळी खाली ठेवली. "कमान है. आपने तो राजीनामा दिया था ना."

"हओ. दिया था." ते अगदी साधेपणानं म्हणाले. "आपने मंज़ूर भी किया." त्यांनी गेटपासाच्या पाकिटातून माझी चिठ्ठी काढली. घडीवर मऊ पडली होती. "इसीलिए तो बनाई."

काय चाललं आहे ते आम्हा दोघांनाही कळेना. आम्ही एकच शब्द एकमेकांच्या तोंडावर टाकत उभे. अध्यक्ष कामावर जायला निघाले होते, ते सायकल धरून आले. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, मला विचारलं, "आणि त्यांची कुठे आहे?" मी फडताळातून कक्कांची चिठ्ठी आणून दिली. ती वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला. ते हळूच मराठीत मला म्हणाले, "सूनबाई, हा समेट आहे हो. राजीनामा म्हणजे इथे समेट." मग तेच त्यांनी हिंदीत कक्कांना समजावलं, की आमच्या मराठीत राजीनामा म्हणजे इस्तीफ़ा, बहूला तसं वाटलं, तिचा दोष नाही, भाषेचा घोटाळा झाला.

मी लगेच म्हटलं, "कक्का, अभी उतारते हैं. अभी. एक घंटे में खाली हो जाएगा." मी बांबूला हातही घातला. उद्या चतुर्थी होती, दिवसभर वेळ होता. सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं, मी खरंच तसं धरून चालले होते.

कक्का माझ्या चिठ्ठीकडे बघत होते. त्यांना हसू आलं, म्हणजे येता येता राहिलं. म्हणाले, "अच्छा, इस्तीफ़ा. आप इस्तीफ़ा समझीं." मग चिठ्ठीवर बोट ठेवून, "फिर बहूजी, ये सहर्ष काहे लिखा?"

सहर्षचा अर्थ इथे आणि सांगलीत एकच आहे. अध्यक्ष सायकलच्या घंटीशी चाळा करत खाली बघत राहिले. ते दोघे हातगाडीवाले दुसरीकडे बघू लागले. मी म्हणू शकले असते की ती नुसती लिहायची पद्धत असते. ओठांवर आलंही होतं. पण कक्का मला ओळखून होते, पंधरा दिवस रोज त्यांच्या दाराशी गेले होते मी.

त्यांनी चिठ्ठी घडी करून मला परत दिली. "रहने दो. औरतों ने मेहनत की है, कागज की सही. शगुन का दिन है, खड़ी चीज़ नहीं उतारते." आणि गाडी वळवून घेतली.

मी मागे धावले. काकीनं दार उघडलं नाही. ती आत होती, बांगड्यांचा आवाज येत होता. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला. "अगं, राजीनामा म्हणजे काय ते इथलं पोर सांगेल. कागद काहून नाही दाखवला मला? शब्द सांगितला, कागद नाही दाखवला." त्याचं खरं होतं. पण अर्धंच खरं. कागद दाखवला असता तर शब्द कळला असता. मला आनंद झाला होता, तो तर झालाच होता.

दहा दिवस गणपती बसला. दोन्ही वेळा आरती झाली. कागदी कमानीचा रंग तिसऱ्याच दिवशी पावसानं ओघळला, लाल आणि हिरवा एकत्र होऊन मातकट झाला, आणि मूर्तीच्या वाटेवर थेंब थेंब गळत राहिला. लोकांनी काही म्हटलं नाही. जाता-येता डोकं वाकवून जात. कक्का आरतीला येत नव्हते असं नाही. ते रस्त्यावर, कमानीबाहेर उभे राहत आणि हात जोडून निघून जात. प्रसाद द्यायला मी ताट घेऊन बाहेर गेले की ते घेत, कपाळाला लावत. त्यांनी अबोला धरला असता तर बरं झालं असतं. विसर्जनाच्या दिवशी बांबू उपटून ठेवले आणि माझा तक्ता मी चुलीत घातला. त्यावर एकही काम उशिरा झाल्याची खूण नव्हती.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी त्यांनी खोली सोडली. ट्रकवर सामान चढलं तेव्हा ती लाकडंही चढली, त्याच पोत्यांत. आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो. काकी प्रत्येकीच्या गळ्यात पडली. माझ्या वेळी तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. कक्का ड्रायव्हरशेजारी बसले होते.

मी आठवडाभर मनात हिंदीत एक वाक्य जुळवलं होतं. चांगलं, शुद्ध, क्षमा मागणारं वाक्य. ट्रक सुरू झाला तेव्हा त्यातला एकही शब्द जागेवर राहिला नाही. मी दाराला हात लावून, रडत, आपल्याच भाषेत म्हणाले, "चुकले मी, कक्का. चुकले."

त्यांनी खिडकीतून वाकून ऐकलं. मान हलवली. त्यांच्या बोलीत चुकणं म्हणजे हातून निसटणं, गाडी चुकते तसं.

"हओ बहूजी," ते म्हणाले, "चूक गए." आणि ट्रक निघाला.